दुसरी ओळ

ग्रंथालयात ताईला तिच्या पाठीमागं सगळे 'कशावरूनबाई' म्हणत आणि ते तिला माहीत होतं. शिपाई म्हणाला, बाहेर ऊन पडलंय, तरी बाई विचारणार कशावरून, अशी तिची ख्याती होती. यात अतिशयोक्ती होती. उन्हाच्या बाबतीत ती स्वतः खिडकीतून बघत असे. पंचविशीत तिला एक स्थळ आलं होतं. मुलाच्या मामांनी मुलगा निर्व्यसनी असल्याचं सांगितलं आणि ताईनं आपला नेहमीचा प्रश्न विचारला. मामांनी चहा अर्धा टाकला. ते लग्न झालं नाही, पुढं दुसरंही झालं नाही, आणि त्याचं तिला फारसं वाईट वाटल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही.

तिचं काम हस्तलिखितांची सूची करण्याचं. तळमजल्यावर, जिथं लोखंडी मांडण्या आणि दमटपणा मोजायचं एक बंद पडलेलं यंत्र होतं, तिथं ती बसे. पोथी आली की मऊ ब्रशनं धूळ झाडायची, पट्टीनं लांबी-रुंदी घ्यायची, पानावर किती ओळी ते पाहायचं, शाई कुठं बदलली, लिहिणारा हात कुठं बदलला ते टिपायचं आणि शेवटी लेखनिकानं आपलं नाव, गाव, साल लिहिलंय का ते शोधायचं. बहुतेकांनी लिहिलेलं नसे. ज्यांनी लिहिलं त्यांनी आधी पाठदुखीबद्दल लिहिलेलं असे. ताईला हे लोक फार आवडत. जिवंत माणसांपेक्षा ते कमी ठामपणे बोलत.

तिचं घर दुकानाच्या वर होतं. दुकान कुलपांचं. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, ते काढलं आणि मरेपर्यंत चालवलं. बिघडलेली कुलपं उघडणं, किल्ल्या पाडून देणं, आणि किल्लीला अडकवायच्या पितळी बिल्ल्यांवर नावं कोरून देणं. त्यांच्या हाताखाली बसणारे दोघं भाऊ अप्पांनंतर ते चालवू लागले. थोरला दादा ताईहून तीन वर्षांनी मोठा, धाकटा तिच्याहून पुष्कळ लहान, आणि त्याला सगळे धाकटाच म्हणत, तो आता टकलू झाला होता तरी. एकच शटर, एकच काउंटर, किल्ली पाडायचं एकच यंत्र. दोघांचं इतकी वर्षं बरं चाललं होतं. दादा फारसा बोलत नसे आणि धाकटा दादाच्या वाटचंही बोलत असे.

अप्पा गाणारे होते. गाणारे म्हणजे कानस चालवताना गुणगुणणारे. उत्तरेकडच्या त्या जुन्या संताचे, ज्याला सगळे विणकर म्हणूनच ओळखतात, दोहे त्यांना पुष्कळ येत. कुठल्याशा कारखान्यात तरुणपणी एक परप्रांतीय फिटर त्यांच्याशेजारच्या यंत्रावर होता, त्याच्याकडून ऐकून शिकलेले. पुस्तक त्यांनी कधी उघडलं नाही. त्यांची हिंदी अशी होती की तो फिटर ती ऐकून आपली भाषा विसरला असेल. पण गळा गोड होता.

अप्पा गेल्यावर दोघा भावांनी ठरवलं, दुकानात त्यांचा फोटो लावायचा आणि खाली पितळी पट्टीवर त्यांचा सगळ्यात आवडता दोहा कोरायचा. पट्टी घरची, यंत्र घरचं, कोरणारा दादा. अडचण येण्यासारखं त्यात काही नव्हतं. दोहा कोणता याबद्दलही दुमत नव्हतं. दिवा घेऊन सारं घर शोधलं, अशा अर्थाची त्याची पहिली ओळ. दादानं ती कागदावर लिहिली आणि खाली दुसरी लिहिली: आत कुणीच नव्हतं, दिवा मालवून टाकला.

धाकटा म्हणाला, "हे काय लिहिलंस?"

"अप्पांचा दोहा."

"अप्पा असं कधीच म्हणाले नाहीत. धनी दाराशीच बसला होता, अशी ओळ आहे."

"मी पंचवीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून ऐकलंय."

"आणि मी काय परदेशात होतो?"

वरवर पाहता हा एका ओळीचा वाद. पण अप्पा शेवटचे काही दिवस हाच दोहा पुटपुटत होते. घशातून आवाज फुटत नव्हता, पहिली ओळ कशीबशी ऐकू येई आणि पुढं नुसते ओठ हलत. तेव्हा प्रश्न असा होता की बाप गेला तो कुणीच नाही म्हणत गेला, की धनी भेटला म्हणत गेला. दादाला देव-धर्माचं वावडं होतं आणि अप्पाही मनातून आपल्यासारखेच, या एका गोष्टीवर त्याची बापाशी जवळीक उभी होती. धाकट्याला अंधाराची अजून भीती वाटे. बाप रिकाम्या घरात गेला ही कल्पना त्याला सहन होण्यासारखी नव्हती. हे दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही. त्याऐवजी ते एकमेकांना बहिरा म्हणाले.

आठवड्याभरात बोलणं बंद झालं. एकाच काउंटरवर बसून ते गिऱ्हाइकामार्फत बोलू लागले. "त्यांना सांगा, सात नंबरच्या कोऱ्या किल्ल्या संपल्यात." गिऱ्हाईक बिचारं सांगे. मग दादाच्या तोंडून निघालं की मधे प्लायवूड घालून दुकान दोन करावं, आणि धाकटा गिऱ्हाइकाला म्हणाला, "त्यांना सांगा, आजच घाला."

वरच्या मजल्यावर आईला हे सगळं ऐकू येत होतं. ती ताईला म्हणाली, "तू एवढी पोथ्यांत मरतेस. त्या विणकरानं मुळात काय म्हटलंय ते बघून सांग आणि मिटव एकदाचं."

आता जे ताईनं केलं त्याबद्दल तिला कुणी बोललं नाही, कारण ते चूक आहे हे कळणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं छापील पुस्तकांच्या मांडणीतून त्या संताच्या दोह्यांचे सात संग्रह काढले. लहान, मोठे, पुठ्ठ्याचे, कापडी बांधणीचे, वेगवेगळ्या प्रकाशकांचे. सातही संग्रहांत तो दोहा होता. सातही ठिकाणी धनी दाराशी बसलेला. सात विरुद्ध शून्य. रात्री जेवताना तिनं ते सांगून टाकलं.

एखाद्या उमेदवारानं असं केलं असतं तर तिनं त्याला दारात उभं केलं नसतं. पण तिला भांडण मिटायला हवं होतं. शिवाय, हे सांगितलंच पाहिजे, तिला स्वतःलाही धनी दाराशी बसलेला हवा होता. अप्पांचे हलणारे ओठ तिनंही पाहिले होते. मनाला हवा तो पुरावा सापडला की माणूस शोध तिथंच थांबवतो, आणि याला कशावरूनबाईही अपवाद नाही.

दादानं हात धुतला. ताटात भात तसाच होता. दुसऱ्या दिवशी त्यानं सुताराला निरोप धाडला.

ताईला चूक कळली ती पुस्तकं जागेवर ठेवताना. एक पुस्तक तिच्या हातात उघडलं आणि तिला दिसलं की एक दोहा, अगदी दुसराच, पुस्तकात दोनदा छापलाय. एकदा सुरुवातीला, आणि पुन्हा पार शेवटी, मृत्यूच्या प्रकरणात. कुणाच्या तरी हातून झालेली चूक. तिनं सहज दुसरं पुस्तक उघडलं. त्यातही तोच दोहा दोनदा, त्याच दोन जागी. तिसऱ्यात तसंच. सातवं उघडायची तिला भीती वाटू लागली, पण तिनं ते उघडलं.

चांगली गोष्ट सात जणांना स्वतंत्रपणे सुचू शकते. तीच चूक सात जण त्याच जागी स्वतंत्रपणे करत नाहीत. म्हणजे सहा जणांनी सातव्यावरून उतरवून घेतलं होतं. सात साक्षीदार म्हणून तिनं जे उभे केले ते एकच गृहस्थ सात टोप्या घालून आले होते.

मग तिनं सातांतलं सगळ्यात जुनं पुस्तक घेतलं आणि त्याची प्रस्तावना वाचली, जी पुढच्या सहा जणांनी वाचली नव्हती हे उघड होतं. संपादक महाशयांनी फार प्रामाणिकपणे लिहिलं होतं की काही साख्यांमधल्या, म्हणजे दोह्यांमधल्या, निराशाजनक ओळी भक्तिमार्गाला शोभत नसल्यानं त्यांनी संतांच्या खऱ्या आशयाला धरून सुधारून घेतल्या आहेत. कोणत्या सुधारल्या ते लिहिलं नव्हतं. सुधारणा करणाऱ्या माणसांना यादी देण्याची सवय नसते.

संध्याकाळी ती धाकट्याकडे गेली. दादा मागच्या बाजूला कुलूप तेलात भिजवत होता. ती म्हणाली, "मी सांगितलं ते मागं घेते."

"आता?"

"सातही पुस्तकं एकाच पुस्तकावरून निघालीत. एका झिजलेल्या किल्लीवरून तू सात किल्ल्या पाडल्यास तर सातही त्याच ठिकाणी अडकतील की नाही? त्या सातांवरून मूळ किल्ली तशीच होती असं म्हणशील का?"

धाकट्याला हे कळलं, म्हणूनच तो भडकला. "मग दादाचं बरोबर?"

"तसंही नाही म्हणत."

"मग तू म्हणतेस तरी काय?"

"अजून काहीच नाही."

"तू वर जा," धाकटा म्हणाला.

पुढचे कित्येक दिवस ताई त्या एका दोह्याच्या मागं होती. दुसऱ्या संग्रहांतल्या पोथ्यांच्या नकला मागवायला तिनं संचालकांना रीतसर अर्ज दिला. कारण म्हणून 'कौटुंबिक' असं लिहिलं आणि संचालकांनी ते दोनदा वाचून सही केली. मग तिनं जे करायला हवं होतं ते केलं.

मुळात तो विणकर लिहीत होता असं मानायला फारसा आधार नाही. तो बोलला, गायला, लोकांनी ऐकलं. त्याच्या हयातीतला एक कागद शिल्लक नाही. तो गेला तो काळसुद्धा अभ्यासक पन्नास-साठ वर्षं इकडचा तिकडचा धरतात. सालाचा आकडा घातलेली सगळ्यात जुनी हस्तलिखितं सोळाव्या शतकाच्या शेवटाकडची, म्हणजे त्याच्यानंतर किमान दोन-तीन पिढ्यांची. मधल्या काळात दोहे होते ते गळ्यांत. आणि गळे सगळीकडं पसरलेले होते.

मोठे प्रवाह तीन. पूर्वेकडं त्याच्या नावानं चाललेल्या पंथाचा आपला ग्रंथ, त्यातला विणकर फटकळ, वाद घालणारा, कुणाचं काही न ठेवणारा. पश्चिमेकडच्या कोरड्या मुलखात दुसऱ्या एका संताच्या अनुयायांनी अनेक संतांची वचनं एका जागी उतरवलेले गुटके, म्हणजे हातात मावतील अशा छोट्या वह्या, गाणाऱ्यांच्या सोयीच्या. त्यांतला विणकर विरहानं व्याकुळ, हळवा. आणि उत्तर-पश्चिमेला एका समाजाचा धर्मग्रंथ, सतराव्या शतकाच्या आरंभी संपादून पक्का केलेला आणि पुढं जिवापाड सांभाळलेला. त्यातला विणकर प्रपंच करणारा, नामस्मरण सांगणारा. ज्याला जो विणकर हवा होता तो त्यानं ठेवून घेतला, आणि यात कुणाची लबाडी नव्हती. जे पटलं तेच पाठ झालं. भाषाही तशीच. पश्चिमेकडच्या प्रतीत पश्चिमेकडची बोली, पूर्वेकडच्या प्रतीत पूर्वेकडची. त्यामुळं भाषेवरून ओळखू म्हणणाऱ्याला विणकराची भाषा सापडत नाही, लेखनिकाची सापडते.

त्याचं नाव ओळीत आलं म्हणून दोहा त्याचा, असंही नाही. नाव घालायला कुणाची परवानगी लागत नव्हती. गाणारा त्याच्या ढंगात काही म्हणे आणि त्याचं नाव घाली, त्यात चोरीची नाही तर आदराची भावना असे. शिवाय दोह्यांत पुष्कळदा नाव नसतंच. एकच दोहा एका गुटक्यात याच्या नावावर, शेजारच्या गुटक्यात त्याच्या. जुन्या प्रती पाहाव्या तर दोहे शेकड्यांत, नव्या पाहाव्या तर हजारांत. मेलेला माणूस एवढं लिहीत नाही. ताईनं एका उशिराच्या प्रतीत चिलमीतल्या तंबाखूवरचा उपदेश त्याच्या नावावर पाहिला होता. तंबाखू या देशात आली तेव्हा तो जाऊन बराच काळ लोटला होता.

तेव्हा ताईची रीत अशी: दोहा कुठल्या प्रतीत पहिल्यांदा दिसतो आणि त्या प्रतीचं साल खरं आहे का. तो एका प्रवाहात आहे की दोन-तीन प्रवाहांत. त्या प्रवाहांनी एकमेकांकडून उचललेला नाही हे दिसतं का. दुसऱ्या कुणाच्या नावावर तो आणखी जुन्या प्रतीत आहे का. त्यात त्याच्या काळात नसलेली वस्तू आहे का. या सगळ्यांतून पार पडलेला दोहा त्याचा, असं तरीही म्हणायचं नाही. तो जुन्या थरातला आहे, एवढं म्हणायचं. आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही, ती म्हणजे 'हे त्याच्यासारखं वाटतं' असं म्हणणं. त्याच्यासारखं म्हणजे कसं, हे आपण त्याच दोह्यांवरून ठरवलेलं असतं.

अप्पांचा दोहा पूर्वेकडच्या ग्रंथात नव्हता. उत्तर-पश्चिमेच्या धर्मग्रंथातही नव्हता. तिथं नाही म्हणजे तो खोटा असं होत नाही, पण वजन उतरतं. तो निघाला पश्चिमेकडच्या दोन गुटक्यांत. एक सतराव्या शतकाच्या मध्यावरचा, त्यात विणकराच्या नावावर, आणि दुसरी ओळ दादाची: आत कुणीच नाही. दुसरा तीसेक वर्षांनी नंतरचा, तोही दूरच्या गावातला, वेगळ्याच क्रमाचा, पहिल्याच्या चुका त्यात नव्हत्या. म्हणजे त्यावरून उतरवलेला नव्हे. त्यात दोहा दुसऱ्याच एका संताच्या नावावर होता, आणि दुसरी ओळ होती: धनी दाराशीच. त्या छापील पुस्तकाच्या संपादकानं ओळ मनानं बनवली होती की त्याच्या कानावर ती आधीच होती, हे त्यालाच विचारावं लागलं असतं. यमक दोन्हीकडं चोख जुळत होतं. ते एका जागी जरी लंगडं निघालं असतं तरी तिच्यावर उपकार झाले असते.

म्हणजे दोन्ही ओळी जुन्या. दोन्ही स्वतंत्र. दोह्याचा धनी कोण याचा पत्ता नाही. त्या पश्चिमेकडच्या मुलखात तो दोन्ही तऱ्हांनी गायला जात होता, आणि यातली एक मूळची आणि दुसरी बिघडलेली, असं म्हणायला काडीचा आधार नव्हता. कदाचित मूळ म्हणून एक ओळ कधी नव्हतीच. गाणारा माणूस सगळीकडं एकच म्हणतो, हे छापखान्यात वाढलेल्यांचं मत आहे.

अखेर एका रविवारी सकाळी सुतार आला. पेन्सिल कानाला, प्लायवूड हातगाडीवर. त्याला फक्त रेघ कुठं मारायची ते हवं होतं. दादा म्हणाला, "मधोमध." धाकटा सुताराला म्हणाला, "त्यांना सांगा, यंत्र कुणाकडं जाणार ते आधी ठरू दे." सुतार म्हणाला, "मी फक्त लाकडाचं बघतो."

ताई खाली आली. तिनं सुताराला स्टूल दिलं आणि बसायला सांगितलं. मग ती म्हणाली, "विणकरानं काय म्हटलं ते कळायला मार्ग नाही. मी पाहायचं तेवढं पाहिलं. दोन्ही जुनं आहे."

"म्हणजे तुला येत नाही," दादा म्हणाला.

"म्हणजे कुणालाच येत नाही. पण तुमचं भांडण विणकरावरून नाहीच. अप्पा काय म्हणायचे, यावरून आहे. आणि त्याचे साक्षीदार जिवंत आहेत." तिनं दादाला मागच्या पायरीवर नेलं आणि धाकट्याला यंत्र चालू ठेवायला सांगितलं, म्हणजे त्याला ऐकू जाऊ नये.

"तू ही ओळ कुठं ऐकलीस?"

"दुकानात."

"कधी? काय चाललेलं असायचं?"

दादाला असं कुणी विचारलं नव्हतं. त्यानं तेलाच्या डब्याचं झाकण लावलं. "कुलूप उघडलं की," तो म्हणाला. "लोक जुन्या पेट्या आणायचे. किल्ली हरवलेली, बाप मेलेला, आत काय असेल म्हणून जीव टांगलेला. अप्पा उघडायचे. आत बहुतेक वेळा काही नसायचं. लोक गेले की अप्पा माझ्याकडं बघून हसायचे आणि म्हणायचे. आत कुणीच नव्हतं." त्यानं बोटांचं तेल पुसलं. "मला वाटायचं, हे फक्त मला सांगतात."

मग तिनं दोघांच्या जागा बदलल्या. आता दादा यंत्रावर, धाकटा पायरीवर.

"मला ताप यायचा ना लहानपणी," धाकटा म्हणाला. "दिवे गेले की मी ओरडायचो. अप्पा मेणबत्ती घेऊन यायचे, सगळ्या खोल्या फिरवून दाखवायचे, पलंगाखाली, कपाटामागं. मग दाराशी बसायचे आणि म्हणायचे. धनी दाराशीच. मी झोपेपर्यंत तिथंच बसलेले असायचे."

"दुकानात कधी म्हणाले?"

"दुकानात मी कान देऊन ऐकलं असेल तर ना. तिथं मीच बोलत असतो."

ताईनं यंत्र बंद करायला लावलं. दोघं काउंटरच्या दोन टोकांना, सुतार मधे स्टुलावर. ती म्हणाली, "दोघांचीही साक्ष खरी आहे. कुणी चुकीचं ऐकलं नाही. अप्पा दोन्ही म्हणायचे. समोर कोण आहे ते बघून म्हणायचे. त्या दोन गुटक्यांत जे झालं तेच या दुकानात झालंय, आणि ते करणारा माणूस आपण बघितलेला आहे."

"मग त्यांना खरं कुठलं वाटायचं?" धाकट्यानं दादाकडं बघत विचारलं. तो सुतारामार्फत न बोलता थेट बोलला हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"ते कळणार नाही," ताई म्हणाली.

आई चहा घेऊन खाली आली होती. सुताराला कप देत ती म्हणाली, "मला तर ते म्हणायचे, दिवा बंद कर, बिल येतं." ती दुसऱ्या कपाकडं वळली. तिच्या बाजूनं साक्ष पूर्ण झाली होती.

कुणी हसलं नाही, पण दादानं पुढं होऊन कप घेतला. तो ताईला म्हणाला, "आणि तुला?"

"मला काय?"

"तुला काय म्हणायचे? तू पण याच घरातली."

इतके दिवस ताई दोन ओळींच्या मागं होती आणि तिच्या ध्यानात आलं नव्हतं की तिच्या स्वतःच्या कानात यातली एकही नाही. पहिली ओळ होती. अप्पांचा आवाज, कानस बाजूला ठेवल्याचा खट् आवाज, तेलाचा वास, दिवा घेऊन सारं घर शोधलं. पुढं काही नाही. तिला वाटलं, आपण विसरलो. सगळ्यांचे कागद सांभाळणारी बाई बापाची ओळ विसरली. तिचा चेहरा पडला, आणि तो लपवायला तिनं कप उचलला.

"मला आठवत नाही," ती म्हणाली. "पहिलीच आठवते."

"पहिलीच म्हणायचे," दादा म्हणाला, आणि त्याच क्षणी दुसऱ्या टोकाकडून धाकटाही म्हणाला, "पुढचं म्हणायचेच नाहीत."

दादानं हातानं धाकट्याला आधी बोल म्हणून खुणावलं.

"तू शाळेतून येऊन इथं पोत्यावर बसायचीस," धाकटा म्हणाला. "नंतर कॉलेजातूनही. अप्पांनी सुरू केलं की डोळा लागून तुझी मान कलायची. मी लहान होतो, मी पुढचं म्हणायला लागलो की अप्पा तोंडावर बोट ठेवायचे."

"कानस पण ठेवून द्यायचे," दादा म्हणाला. "तू उठेपर्यंत काम बंद. कुलूप तसंच हातात. गिऱ्हाईक आलं तर बाहेर जाऊन बोलायचे."

सवयीनं ताईचं मन कामाला लागलं होतं. दोन साक्षी, तपशील वेगळे, मुद्दा एक. एकानं दुसऱ्याकडून उचललं असण्याची शक्यता तपासायला हवी. तर ती नव्हती. कित्येक आठवडे दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते.

आईनं तिच्या हातातला गार झालेला कप काढून घेतला. सुतारानं कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, "मग रेघ?" दादानं खणातून पितळी पट्टी काढली, धाकट्यानं ती यंत्रावर दोन्ही हातांनी दाबून धरली, आणि दादानं पहिली ओळ कोरायला घेतली. ती संपल्यावर त्यानं खालची जागा फडक्यानं पुसून तशीच ठेवली.